संपूर्ण संचाची किंमत : बारावी अर्थशास्त्राच्या ऑनलाइन नोट्सविषयी एक प्रकरण अभ्यास

धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खासगी शिकवणी घेणाऱ्या, अर्थशास्त्रात एम. ए. केलेल्या एका शिक्षिकेने बारावीच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी नोट्स तयार करून त्या पीडीएफ स्वरूपात विकायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच हंगामात, ऐन जानेवारीत, एका गाइड प्रकाशकाची नोटीस तिच्या हाती पडली. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत. नोटीस आल्यानंतर तिच्या नोट्सची पानोपान तपासणी करण्यात माझा सहभाग होता, आणि त्या तपासणीत जे दिसले त्यावर हे लेखन आधारलेले आहे. वरकरणी हे नक्कल केल्याचे साधे प्रकरण आहे. पण नक्कल कोणत्या पानांवर झाली आणि कोणत्या पानांवर झाली नाही हे पाहत गेल्यावर त्या नकलेचे मूळ हे किंमत ठरवण्याच्या पद्धतीत सापडते, असे माझे मत झाले आहे.

राज्य मंडळाच्या बारावी अर्थशास्त्राच्या पुस्तकात दहा प्रकरणे आहेत. पहिल्या हंगामात तिने त्यांपैकी चारच प्रकरणांच्या नोट्स केल्या होत्या : उपयोगिता विश्लेषण, मागणीची लवचीकता, पुरवठा विश्लेषण आणि निर्देशांक. या चारांत तक्ते, सूत्रे आणि आकडेमोड येते, आणि कला शाखेची मुले नेमकी तिथेच अडखळतात. प्रत्येक प्रकरणाचे 49 रुपये घेऊन तिने फाइल मोबाइलवर पाठवल्या आणि धुळे, शिरपूर, चोपडा, शहादा या भागांतून तिला बऱ्यापैकी ग्राहक मिळाले. त्यावर तिला सगळ्यांनी एकच सल्ला दिला, की दहाही प्रकरणांचा संपूर्ण संच कर, पालक संपूर्ण संचालाच पैसे देतात. तिने तो मानला. दुसऱ्या हंगामासाठी डिजिटल साहित्य विकणाऱ्या एका संकेतस्थळावर दहा प्रकरणांचा संच 299 रुपयांना आणि सुटे प्रकरण पूर्वीच्याच 49 रुपयांना ठेवले गेले. उरलेली सहा प्रकरणे दिवाळीच्या सुट्टीत पुरी करायची होती.

भारतातील सार्वजनिक वित्तव्यवहार, नाणेबाजार व भांडवल बाजार, परकीय व्यापार या प्रकरणांवर तिच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे फारसे नव्हते. ती प्रकरणे ती वर्गात पुस्तकावरूनच शिकवत असे. त्यामुळे सुट्टीत तिने तीन ठिकाणांहून मजकूर गोळा केला : मंडळाचे पाठ्यपुस्तक, एका जुन्या विद्यार्थिनीची सुवाच्य हस्तलिखित वही, आणि टेलिग्रामवर फिरणारी, पहिली चार पाने नसलेली एक पीडीएफ. वहीतील उत्तरे त्या विद्यार्थिनीने गाइडमधून उतरवली होती आणि टेलिग्रामवरची पीडीएफ हेच ते गाइड होते, हे तिला नोटीस आल्यावर कळले. शीर्षकपान नसलेल्या फाइलीचा कोणीच मालक नाही अशी समजूत आपल्याकडे बरीच पसरलेली आहे.

नोटीस आणि तिच्यातील जादा मागण्या

प्रकाशकाने नोटीस तिला पाठवली आणि तक्रार संकेतस्थळालाही केली. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मधील तरतूद आणि 2013 च्या नियमांनुसार अशी रीतसर लेखी तक्रार आली, की मध्यस्थाने, म्हणजे येथे संकेतस्थळाने, 36 तासांच्या आत तो मजकूर लोकांना मिळणे थांबवायचे असते. 21 दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मध्यस्थ तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो. कागदावर ही तरतूद दोन्ही बाजूंना सांभाळून घेणारी दिसते. परंतु बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि नोट्सची खरी विक्री त्याआधीच्या सहा-सात आठवड्यांत होते, हे लक्षात घेतले तर जानेवारीतले 21 दिवस म्हणजे जवळजवळ निम्मा हंगाम. आपण बरोबर आहोत अशी खात्री असलेल्या विक्रेत्यालाही हे नुकसान भरून मिळत नाही. म्हणून नोट्स विकायला ठेवण्याआधीची तपासणी नंतरच्या युक्तिवादापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

नोटिशीत 31 ठिकाणे दाखवली होती. घाबरून सगळी कबूल करायची, असा तिचा पहिला विचार होता, आणि तो चुकीचा ठरला असता. त्यांतील 9 ठिकाणी प्रकाशकाने हक्क सांगितलेल्या गोष्टी कोणाच्याच मालकीच्या नसतात : लासपेअरचे सूत्र, मागणीच्या नियमाची गृहीतके, उजवीकडे खाली उतरणारा मागणी वक्र आणि आल्फ्रेड मार्शल यांची अर्थशास्त्राची व्याख्या. कल्पना, नियम, सूत्र आणि वस्तुस्थिती यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो त्यांच्या मांडणीवर आणि शब्दांवर. मार्शल 1924 मध्ये वारले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा त्यांचे शब्दही आता सर्वांचे आहेत. लायोनेल रॉबिन्स यांचे तसे नाही. ते 1984 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क अजून चालू आहे. तरीही त्यांची एका वाक्याची व्याख्या नावानिशी उद्धृत करण्याने कोणाचे नुकसान होत नाही. मात्र त्या व्याख्येचा गाइडकाराने केलेला मराठी अनुवाद जसाच्या तसा उचलणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. हा बारकावा नोट्स करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

उरलेल्या 22 ठिकाणी मात्र प्रकाशकाचे म्हणणे खरे होते, आणि त्यांतल्या एका ठिकाणी तर वादाला जागाच उरली नाही. निर्देशांकाच्या प्रकरणात, जे तिचे स्वतःचे असा तिचाही समज होता, सरावासाठीचे एक उदाहरण दुसऱ्या हंगामात वहीतून घेऊन वाढवलेले होते. त्यात तीन वस्तूंच्या चालू वर्षाच्या रकान्यात 120, 90 आणि 150 अशा रकमा होत्या. त्यांची बेरीज 360 येते, पण गाइडमध्ये ती 350 छापली गेली होती. आधारवर्षाची बेरीज 300 असल्यामुळे बरोबर उत्तर 120 यायला हवे, आणि गाइडमध्ये होते 116.67. तिच्या पीडीएफमध्येही 116.67 होते. बरोबर उत्तर दोन माणसे स्वतंत्रपणे काढू शकतात. बेरजेतली तीच चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणे जवळजवळ अशक्य, आणि म्हणूनच नकाशे आणि शब्दकोश छापणारे फार पूर्वीपासून नक्कल पकडण्यासाठी चुकांकडे पाहत आले आहेत. नोट्स विकणाऱ्याने स्वतःच्या मजकुराची तपासणीही इथूनच सुरू करावी. प्रत्येक उदाहरण कागदावर पुन्हा सोडवावे, आणि जिथे छापलेले उत्तर चुकीचे निघते पण ती चूक आपल्या हातून कशी झाली हे आठवत नाही, तिथे ते उदाहरण आपले नाही असे समजावे.

तीन रंगांची तपासणी

आम्ही तिच्या सर्व नोट्स छापून घेतल्या आणि प्रत्येक वाक्याखाली तीनपैकी एका रंगाची रेघ मारली : स्वतःचे वाक्य हिरवे, पाठ्यपुस्तकाचे निळे आणि अन्य कुठूनही आलेले लाल. ज्याचा उगम आठवत नाही तेही लालच. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला माहीत नाही. इंग्रजी मजकुराची उचल ओळखणारी साधने मराठीत फार उपयोगी पडत नाहीत, कारण गाइड, वह्या आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ यांतला बराचसा मजकूर त्यांना वाचताच येत नाही.

उपयोगिता, लवचीकता आणि पुरवठा ही प्रकरणे बहुतांश हिरवी निघाली, निर्देशांकात हिरव्याबरोबर लाल होते, आणि नंतरची सहा प्रकरणे जवळजवळ पूर्ण निळी-लाल होती. निर्देशांक सोडला तर मधला टप्पा असा कुठे नव्हताच. निळ्या रेघांविषयी तिचे म्हणणे होते, की पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येते, मग त्यातील वाक्ये वापरायला हरकत कसली. फुकट मिळणे आणि विकायला मोकळे असणे यांत फरक आहे. पुस्तकाचे सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे, म्हणजे बालभारतीकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातील कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असे त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेले असते. शिक्षकाने वर्गात शिकवण्याच्या ओघात मजकूर उतरवून देण्यास कायद्यात सवलत आहे, पण अनोळखी ग्राहकाला 299 रुपयांना विकलेली फाइल त्या सवलतीत बसवणे कठीण आहे.

लाल रेघांविषयी तिचे म्हणणे अधिक विचार करण्यासारखे होते. तिने वाक्ये बदलली होती. 'महत्त्वाचे' याऐवजी 'आवश्यक', 'म्हणून' याऐवजी 'परिणामी' असे शब्द घातले होते, आणि सगळा मजकूर रात्री जागून स्वतः टाइप केला होता. कष्ट खरे होते, पण केवळ कष्टाने मजकूर मूळ ठरत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या डिसेंबरमध्ये हेच स्पष्ट केले : संकलन करणाऱ्याने नुसते श्रम आणि भांडवल ओतले म्हणून त्याला कॉपीराइट मिळत नाही. त्यात कौशल्य, विवेक आणि थोडीतरी सर्जनशीलता दिसावी लागते. शिक्षिकेच्या लाल पानांवर मुद्द्यांची संख्या, त्यांचा क्रम, उपशीर्षके आणि उदाहरणेही गाइडचीच होती. शब्द बदलले तरी हा सांगाडा ओळखू येतो, आणि वकील नेमका तोच शेजारी-शेजारी छापून दाखवतो.

हिरवे पान कसे असते ते तिच्याच पुरवठ्याच्या प्रकरणातून दाखवता येईल. साठा आणि पुरवठा यांतील फरक हा परीक्षेत नेहमी येणारा प्रश्न आहे. गाइडमध्ये तो चार मुद्द्यांच्या तक्त्यात होता. तिने तो कापूस आणि केळी यांवरून समजावला होता. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याच्या घरात 40 क्विंटल कापूस भरून ठेवलेला आहे आणि भाव मनासारखा नसल्याने त्याने त्यातला 15 क्विंटलच जिनिंगला नेला, तर 40 हा साठा झाला आणि त्या भावाचा पुरवठा 15. भाव वाढला की पुरवठा 25 होईल, 40 होईल, पण घरातल्या साठ्यापेक्षा जास्त होणार नाही. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला ही सोय नाही. घड उतरवला की तो विकावाच लागतो, म्हणून नाशवंत वस्तूच्या बाबतीत साठा आणि पुरवठा जवळजवळ एकच होतात. सिद्धान्त पुस्तकातलाच आहे आणि तो कोणाच्या मालकीचा नाही. उदाहरणाची निवड, आकडे, आणि दोन पिके समोरासमोर ठेवण्याची कल्पना मात्र तिची आहे. हे पान तिने पुस्तक मिटून लिहिले होते, असे तिने सांगितले, आणि ते वाचताना दिसतेही.

पुढे सुधारित नोट्ससाठी तिने हीच रीत नियम म्हणून ठेवली. आधी प्रकरण वाचायचे. मग पुस्तक बंद करून, वर्गात मुलांनी प्रत्यक्ष विचारलेल्या शंका आठवून त्यांची उत्तरे लिहायची. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून फक्त तथ्ये, संज्ञा आणि सूत्रे ताडून पाहायची. ज्या प्रकरणावर पुस्तक मिटल्यावर लिहायला काहीच सुचत नाही, ते प्रकरण विकायचे नाही.

गणिताच्या उदाहरणांबाबत मी तिला थोडा दिलासा दिला. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि नरेंद्र पब्लिशिंग हाउस यांच्यातील 2008 च्या प्रकरणात, जम्मू-काश्मीर मंडळाच्या अकरावी गणिताच्या पुस्तकावरील गाइडचा विचार करताना दिल्ली उच्च न्यायालयाने पुस्तकातील प्रश्नांची पायरी-पायरीने उत्तरे देणाऱ्या गाइडवर मनाई घालण्यास नकार दिला होता. मात्र तो निर्णय गणिताच्या प्रश्नांपुरता होता. त्याच्या आधारावर नाणेबाजाराचे सहा परिच्छेद उचलता येत नाहीत. म्हणून तिने सर्व उदाहरणांतील वस्तू आणि आकडे नव्याने रचले. मागील वर्षांच्या पूर्ण प्रश्नपत्रिका फाइलीतून काढून टाकून त्याऐवजी कोणत्या उपघटकावर किती गुणांचा प्रश्न कोणत्या वर्षी आला, एवढीच सूची ठेवली. प्रश्नपत्रिकेवरही कॉपीराइट असतो हे इंग्लंडमध्ये 1916 सालापासून ठरलेले आहे, आणि सूची तशीही विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

किंमत

आता मुख्य मुद्द्याकडे. नोटीस येईपर्यंत त्या हंगामात 40 संपूर्ण संच आणि 120 सुटी प्रकरणे विकली गेली होती, म्हणजे 11,960 आणि 5,880 मिळून 17,840 रुपये. सुट्या विक्रीची नोंद पाहिली तर जवळजवळ सगळी मागणी आकडेमोडीच्या चार प्रकरणांनाच होती. परकीय व्यापाराचे सुटे प्रकरण कोणीही घेतलेले नव्हते. वर्गातल्या एका मुलाने तर तिला आधीच सांगितले होते : "मॅडम, गणितना भाग तेवढा द्या, बाकीनं पुस्तकमाच शे." बाजाराचा अभ्यास याहून नेमका कोणी करून दिला नसता, पण तो फुकट मिळाल्यामुळे असेल, त्याची किंमत झाली नाही.

299 हा आकडा तिने सहा सुट्या प्रकरणांच्या 294 रुपयांच्या जवळ म्हणून ठरवला होता. त्यामुळे ज्याला चारच प्रकरणे हवी होती त्याला ती सुटी घेऊन 196 रुपये पडत आणि संच महाग वाटे. ज्याने संच घेतला तो प्रत्यक्षात चार प्रकरणांसाठी 299 मोजत होता. उरलेली सहा प्रकरणे त्याच्या लेखी शून्य किमतीची होती, कारण तोच मजकूर त्याच्या दप्तरात पुस्तकाच्या रूपाने होता. म्हणजे नोटीस ज्या पानांमुळे आली, त्या पानांनी मालात मोलाची भर घातलीच नव्हती. ती पाने लिहिली गेली फक्त 'संपूर्ण' या शब्दासाठी. नोट्सच्या धंद्यात चोरीचा मजकूर बहुधा असाच येतो. आधी पानांची किंवा प्रकरणांची संख्या जाहीर होते, मग ती भरावी लागते.

एकत्र विकण्यात मुळात गैर काही नाही. ते कधी फायद्याचे ठरते याचे गणित सोपे आहे. समजा, आकडेमोडीला घाबरणारी एक विद्यार्थिनी त्या चार प्रकरणांना 90 रुपये आणि 'फरक स्पष्ट करा', 'सहमत-असहमत' अशा प्रश्नांच्या पुस्तिकेला 30 रुपये द्यायला तयार आहे. दुसऱ्याला गणित जमते पण लिहिता येत नाही, म्हणून त्याचे आकडे उलटे, 30 आणि 90 आहेत. दोन्ही गोष्टी 90-90 ला सुट्या विकल्या तर प्रत्येक जण एकच घेईल आणि हाती 180 येतील. दोन्हींचा जोड 120 ला ठेवला तर दोघेही तो घेतील आणि 240 येतील. पण यासाठी दोन्ही भागांना कोणाच्या तरी लेखी खरी किंमत असावी लागते. ज्याचे मोल सर्वांच्याच लेखी शून्य, असा भाग जोडून बेरीज वाढत नाही, फक्त धोका वाढतो.

यावरून नवी रचना झाली. आकडेमोडीच्या चार प्रकरणांचा संच 149 रुपये, उत्तरलेखनाची स्वतंत्र पुस्तिका 99 रुपये, दोन्ही मिळून 199 रुपये, आणि सुटे प्रकरण 49 रुपयेच. उत्तरलेखनाच्या पुस्तिकेत वर्गातल्या मुलांनी लिहिलेली उत्तरे त्यांच्या परवानगीने, नाव न देता छापली आहेत आणि शेजारी गुण कुठे कापले जातील ते दाखवले आहे. हा मजकूर कुठल्याच गाइडमध्ये मिळणार नाही, कारण तो तिच्या वर्गाशिवाय तयारच होऊ शकत नाही. विक्रीच्या पानावर 'संपूर्ण अभ्यासक्रम' हे शब्द नाहीत आणि कोणती सहा प्रकरणे यात नाहीत तेही तिथे लिहिलेले आहे. तिला वाटले होते की याने ग्राहक दुरावतील. काही दुरावले.

प्रकाशकाशी मिटवताना तिने 22 ठिकाणे मान्य केली, 9 नाकारली, सहाही प्रकरणे आणि निर्देशांकातील ते उदाहरण मागे घेतले आणि पुन्हा न विकण्याचे लेखी दिले. प्रकाशकाने नुकसानभरपाईचा आग्रह सोडला. फौजदारी तक्रार झाली असती तर प्रकरण अवघड होते, कारण जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंड सांगितला आहे. विकलेल्या 40 संचांच्या ग्राहकांना तिने प्रत्येकी 150 रुपये परत केले, म्हणजे 6,000 रुपये गेले आणि हंगामाचे हाती 11,840 उरले. पुढच्या हंगामात 70 संच, 25 जोड आणि 30 सुटी प्रकरणे खपली, त्याचे 16,875 रुपये झाले. संकेतस्थळाचा वाटा दोन्ही वर्षांच्या रकमांत धरलेला नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तालुक्यातील काही शिकवणी वर्ग एक संच विकत घेतात आणि साठ मुलांना झेरॉक्स वाटतात. प्रत्येक पानाच्या तळाशी खरेदीदाराच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे छापल्याने प्रत कुठून फुटली ते कळते, पण फुटायची थांबत नाही. म्हणून वर्गांसाठी तिने 1,500 रुपयांची वेगळी प्रत ठेवली आहे, जिच्या पहिल्याच पानावर साठ प्रतींपर्यंत छापण्याची परवानगी आणि त्या वर्गाचे नाव असते. आतापर्यंत ती दोनच वर्गांनी घेतली आहे.